आलेखातली तारीख: एक्सेल काय समजते आणि आपण काय वाचतो

एका विहिरीची नोंदवही घेऊ. उन्हाळ्यात दर शुक्रवारी काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर फुटांत मोजायचे, असे ठरले होते. एप्रिलमध्ये ते नीट पाळले गेले, मे महिन्यात मात्र लग्नसराईत काही शुक्रवार चुकले. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण तारखा मुद्दाम निवडल्या आहेत.

```
Date,Depth
05/04/2024,18
12/04/2024,19
19/04/2024,20
26/04/2024,21
10/05/2024,23
31/05/2024,26
07/06/2024,27
```

पहिल्या आणि शेवटच्या नोंदीत नऊ आठवडे आहेत आणि पाणी नऊ फूट खाली गेले आहे. मधली कुठलीही जोडी घेतली तरी हिशेब आठवड्याला एक फूट असाच येतो. म्हणजे या विहिरीचा रेषालेख काढला तर एक सरळ तिरपी रेघ यायला हवी.

एक्सेलमध्ये ती येईलच याची खात्री नाही. याच सात ओळींमधून तीन वेगवेगळे आलेख निघू शकतात. त्यांतला एकच खरा असतो, एक दिशाभूल करतो आणि एक इतका सफाईदार खोटा असतो की जाणकारालाही पटावा. कुठला निघेल, हे दोन गोष्टींवर ठरते. सेलमध्ये दिसणारी तारीख एक्सेलच्या लेखी तारीख आहे का, ही पहिली गोष्ट. आलेखाच्या आडव्या अक्षावर एक्सेल दिवस मोजते आहे की नुसती लेबले ओळीने मांडते आहे, ही दुसरी.

तारीख म्हणजे एक आकडा

एक्सेल तारीख साठवते ती आकड्याच्या रूपात. 1 जानेवारी 1900 हा दिवस 1, आणि पुढे रोज एकाची भर. या हिशेबाने 5 एप्रिल 2024 म्हणजे 45387 आणि 7 जून 2024 म्हणजे 45450. दोन्हींची वजाबाकी 63, म्हणजे बरोबर नऊ आठवडे. सेलमध्ये आपल्याला दिसते ते ‘05-04-2024’ किंवा ‘5 Apr’ हे या आकड्यावर चढवलेले फॉरमॅट असते. फॉरमॅट बदलले तरी आतला आकडा तोच राहतो.

पण एखाद्या सेलमध्ये ‘19/04/2024’ ही दहा अक्षरे नुसतीच पडून असू शकतात. डोळ्यांना ती तारीख दिसते, एक्सेलसाठी मात्र तो मजकूर असतो, एखाद्या गावाच्या नावासारखा. त्यातून काही वजा होत नाही आणि त्याचे ‘पुढे-मागे’ एक्सेलला ठाऊक नसते. सरकारी कागदांवर सर्रास दिसणारी 19.04.2024 ही टिंबांची तारीख आपल्याकडच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये अशीच मजकूर म्हणून राहते.

आलेख काढताना एक्सेल तारखांचा कॉलम पाहून अक्षाचा प्रकार स्वतःच ठरवते. अक्षावर राइट-क्लिक करून `Format Axis` उघडले की `Axis Type` खाली तीन पर्याय दिसतात: `Automatically select based on data`, `Text axis` आणि `Date axis`. मुळात पहिला निवडलेला असतो. कॉलममध्ये खऱ्या तारखा असतील तर त्याचा अर्थ तारखेचा अक्ष असा होतो. मजकूर असेल, किंवा तारखांत मजकूर मिसळला असेल, तर एक्सेल सहसा मजकुराचा अक्ष घेते.

दोघांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. तारखेचा अक्ष भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा: त्या दिवशी काही लिहिलेले असो वा नसो, दिवसाची चौकट असतेच. शीटमध्ये ओळी कितीही उलटसुलट असल्या तरी तो त्यांना कालक्रमाने लावून घेतो. मजकुराचा अक्ष यातले काहीच करत नाही. शीटमध्ये ज्या क्रमाने ओळी आहेत त्याच क्रमाने, सारख्या अंतरावर, तो लेबले मांडत जातो.

सातच नोंदी, तीन आलेख

आता विहिरीकडे येऊ. सातही तारखा खऱ्या असतील तर तारखेच्या अक्षावर 26 एप्रिल आणि 10 मे यांच्यात दोन आठवड्यांची जागा सुटते, 10 आणि 31 मे यांच्यात तीन आठवड्यांची. रेघ सरळ येते. हा खरा आलेख.

हीच CSV फाइल अशा संगणकावर उघडली, जिथे विंडोजचे `Region` सेटिंग `English (United States)` आहे, तर गोष्ट बदलते. नवा लॅपटॉप बऱ्याचदा याच सेटिंगवर असतो आणि ते कोणी बदलत नाही. अमेरिकी पद्धतीत महिना आधी आणि दिवस नंतर. एक्सेल 05/04/2024 वाचते ते 4 मे म्हणून. 12/04 होतो 4 डिसेंबर, 10/05 होतो 5 ऑक्टोबर आणि 07/06 होतो 6 जुलै. 19/04, 26/04 आणि 31/05 मात्र तारखा होऊच शकत नाहीत, कारण एकोणिसावा महिना नसतो. ते तिन्ही सेल मजकूर म्हणून तसेच राहतात. चार चुकीच्या तारखा आणि तीन नुसते मजकूर, असा तो कॉलम होतो. फाइल उघडताना एक्सेल याबद्दल चकार शब्द काढत नाही.

वाईट म्हणजे शीट पाहून हे कळत नाही. 4 मे ही तारीख अमेरिकी पद्धतीने ‘5/4/2024’ अशी दिसते आणि आपण ती सवयीने ‘पाच एप्रिल’ अशी वाचतो. यंत्राने चुकीचे समजले आणि आपण बरोबर वाचले, त्यामुळे चूक झाकली जाते. बारकाईने पाहिले तर खुणा सापडतात. ज्या सेलची तारीख झाली तिथला शून्य गेलेला असतो आणि आकडे उजव्या कडेला टेकलेले असतात. मजकूर राहिलेल्या ‘19/04/2024’ मध्ये शून्य शाबूत असतो आणि तो डाव्या कडेला असतो. कॉलमला कोणी मुद्दाम मध्यभागी आणले असेल तर ही दुसरी खूणही पुसली जाते.

मिश्र कॉलम म्हणून एक्सेल मजकुराचा अक्ष घेते. साती लेबले वहीतल्या क्रमाने, सारख्या अंतरावर येतात. एप्रिलमध्ये रेघ दर टप्प्याला एक फूट चढते, मग दोन फूट, मग तीन, आणि जूनमध्ये पुन्हा एक. पाहणारा म्हणतो, ‘मे महिन्यात उपसा वाढलेला दिसतोय, जूनमध्ये कमी झाला.’ प्रत्यक्षात उपसा होता तसाच होता, फक्त मोजणीला माणूस गेला नव्हता. हा दिशाभूल करणारा आलेख.

काहीतरी बिघडले आहे असे वाटून कोणी `Date axis` सक्तीने निवडले, तर मजकुराच्या लेबलांतून एक्सेलला तारीख काढता येत नाही. मग ते नोंदींना 1, 2, 3 असे क्रमांक देते आणि त्यांनाच दिवस मानते. अक्षावर जानेवारी 1900 अवतरतो. आलेखात अचानक 1900 साल दिसले, तर दोष अक्षात शोधू नये. कॉलममध्ये मजकूर आहे, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरा आलेख तयार होतो तो ‘साफसफाई’तून. डावीकडे सरकलेल्या तीन नोंदी खराब आहेत असे समजून कोणी त्या ओळीच काढून टाकतो. उरलेल्या चार तारखा एक्सेलच्या लेखी अस्सल, त्यामुळे तारखेचा अक्ष बिनबोभाट चालू होतो आणि त्यांना कालक्रमाने लावतो: 4 मे रोजी 18 फूट, 6 जुलैला 27, 5 ऑक्टोबरला 23 आणि 4 डिसेंबरला 19. उन्हाळ्यात पाणी खोल गेले, जुलैनंतर पावसाने विहीर भरत आली, डिसेंबरपर्यंत पाणी जवळजवळ पूर्वपदावर. महाराष्ट्रातली कुठलीही विहीर अशीच वागते, म्हणून हा आलेख कोणालाही पटेल. फक्त ही सगळी मोजमापे पावसाळ्याआधीची आहेत! त्यातला एकही आकडा बदललेला नाही, बदलल्या आहेत त्या तारखाच. पकडायला एकच धागा उरतो: शेवटची नोंद 7 जूनची असताना अक्ष डिसेंबरपर्यंत गेलाच कसा?

आधी तपासणी, मग दुरुस्ती

म्हणून आलेखाला हात लावण्यापूर्वी कॉलम तपासावा. सर्वांत सोपी रीत म्हणजे सगळ्या तारखा निवडून त्यांचे फॉरमॅट क्षणभर `General` करायचे. खऱ्या तारखा 45387 सारख्या आकड्यांत बदलतात, मजकूर आहे तसाच राहतो. पाहून झाले की `Ctrl+Z`. कॉलम शेकडो ओळींचा असेल तर एखाद्या रिकाम्या सेलमध्ये हे लिहावे:

```
=COUNTA(A2:A500)-COUNT(A2:A500)
```

`COUNTA` भरलेले सगळे सेल मोजते, `COUNT` फक्त आकडे. उत्तर शून्य आले तर एकही मजकूर नाही. पण शून्य म्हणजे सगळे बरोबर, असेही नाही. दिवस आणि महिना उलटे झालेली तारीखही आकडाच असते. ती पकडण्यासाठी `=MIN(A2:A500)` आणि `=MAX(A2:A500)` काढून, त्या सेलना महिन्याचे नाव दिसेल असे `dd-mmm-yyyy` फॉरमॅट द्यावे. विहिरीच्या शीटमध्ये `MAX` ने ‘04-Dec-2024’ दाखवले असते आणि बिंग लगेच फुटले असते.

दुरुस्ती दोन तऱ्हांची आहे. कॉलममधले सगळेच सेल मजकूर असतील, दिवस-महिना-वर्ष याच क्रमाने, तर काम सोपे आहे. कॉलम निवडून `Data` मधले `Text to Columns` उघडावे, दोनदा `Next` करावे, तिसऱ्या पायरीवर `Date` निवडून शेजारच्या यादीत `DMY` घ्यावे आणि `Finish` करावे. दुसऱ्या पायरीवर कुठलेही विभाजक चिन्ह निवडलेले नसावे. मजकुराच्या जागी तारखा येतात.

कॉलम विहिरीसारखा मिश्र असेल तर सर्वांत स्वच्छ उपाय म्हणजे मूळ फाइलकडे परत जाणे. एक्सेल बंद करून विंडोजच्या सेटिंगमध्ये `Region` चे फॉरमॅट `English (India)` करावे आणि CSV पुन्हा उघडावी. आता 05/04 हा 5 एप्रिल होतो आणि 19/04 हा 19 एप्रिल. मूळ फाइल हाताशी नसेल तर शेजारच्या कॉलममध्ये हे सूत्र चालते:

```
=IF(ISNUMBER(A2),
 DATE(YEAR(A2),DAY(A2),MONTH(A2)),
 DATE(RIGHT(A2,4),MID(A2,4,2),LEFT(A2,2)))
```

सेलमध्ये आकडा असेल, म्हणजे उलटी झालेली तारीख असेल, तर सूत्र दिवस आणि महिन्याची अदलाबदल करते. मजकूर असेल तर पहिली दोन अक्षरे दिवस, मधली दोन महिना आणि शेवटची चार वर्ष म्हणून उचलते. यात एक अट आहे. त्या कॉलममधल्या सगळ्या तारखा एकाच वेळी, त्याच चुकीच्या सेटिंगवर आलेल्या असायला हव्यात. मधल्या काळात कोणी काही ओळी हाताने सुधारल्या असतील तर हे सूत्र त्यांना पुन्हा उलटे करील.

मजकूर आत शिरण्याचा आणखी एक रस्ता आपणच उघडतो. अक्षावर ‘05-Apr’ असे सुटसुटीत दिसावे म्हणून काही जण `=TEXT(A2,"dd-mmm")` वापरतात. `TEXT` चे उत्तर नेहमी मजकूरच असते, त्यामुळे अक्षही मजकुराचा होतो. हवे तसे दिसण्यासाठी सेलचे किंवा अक्षाचे `Number` फॉरमॅट बदलणे पुरते.

रिकामी जागा कधी खरी, कधी नकोशी

विहिरीच्या बाबतीत रिकामी जागा हवीच होती, कारण आपण न मोजलेल्या दिवसांतही पाणी उतरतच होते. पण सगळ्याच नोंदी अशा नसतात. शेअर बाजाराचे उदाहरण घ्या. 15 ऑगस्ट 2024 ला गुरुवार होता. त्या सुमारास बाजार उघडा होता तो 12, 13, 14, 16 आणि 19 तारखेला. 15 ला स्वातंत्र्यदिनाची सुट्टी, 17 आणि 18 ला शनिवार-रविवार. रोजच्या उलाढालीचा स्तंभालेख काढला तर तारखा अगदी खऱ्या असूनही 14 नंतर एक आणि 16 नंतर दोन स्तंभांची मोकळी जागा दिसते. वर्षभराचा आलेख असेल तर तो फणीचे दात पडल्यासारखा दिसतो.

इथे बिघाड काहीच नाही. एक्सेलने कॅलेंडर पाळले आहे. पण बंद बाजारात उलाढाल ‘शून्य’ नव्हती, त्या दिवशी ती होण्याचा प्रश्नच नव्हता. इथे मोजण्याचे एकक दिवस नसून व्यवहाराचा दिवस आहे. म्हणून `Format Axis` मध्ये जाऊन `Text axis` निवडावे, म्हणजे स्तंभ सलग येतात. मात्र ही निवड केल्यावर शीटमधल्या ओळी कालक्रमाने लावण्याची जबाबदारी आपली होते, कारण हा अक्ष क्रम लावत नाही. बाजाराची माहिती बरेचदा नवी तारीख वर अशा क्रमाने मिळते. ती आधी `Sort` केली नाही तर आलेख उलटा चालतो.

आणखी एक गोंधळ होतो तो स्तंभांच्या जाडीचा. घरच्या वीजबिलांचा आलेख काढला आणि रुंद स्तंभांऐवजी दोऱ्यासारख्या बारीक रेघा आल्या, असे पुष्कळांचे होते. याचे मूळ `Base` या एककात आहे. तारखेच्या अक्षावरचे सर्वांत लहान एकक दिवस, महिना की वर्ष, हे एक्सेल तारखांमधल्या सर्वांत लहान फरकावरून ठरवते. सगळी बिले त्या-त्या महिन्याच्या 1 तारखेची असतील तर ते महिना धरते आणि स्तंभ जाड येतात. पण बिले 5 जून, 4 जुलै, 6 ऑगस्ट अशी पुढेमागे असतील तर ते दिवस धरते. मग प्रत्येक स्तंभाला एका दिवसापुरतीच जागा मिळते आणि मधले एकोणतीस-तीस दिवस रिकामे राहतात. अक्षाच्या पर्यायांत `Units` खाली `Base` ला `Months` केले की स्तंभ फुगतात.

हा उपाय करण्यापूर्वी एका महिन्यात दोन नोंदी नाहीत ना, हे पाहावे. `Months` केल्यावर महिन्यातल्या सगळ्या नोंदी एकाच जागी येतात. त्यांची बेरीज होत नाही, त्या एकमेकींवर चढतात. स्तंभालेखात पुढचा स्तंभ मागच्याला झाकतो, रेषालेखात त्या ठिकाणी उभी रेघ दिसते. विहिरीच्या आलेखाला `Months` लावले तर एप्रिलच्या चारही नोंदी अशा एका उभ्या रेघेत गोळा होतील. आधी महिन्याची बेरीज किंवा सरासरी वेगळी काढून मगच तिचा आलेख करावा.

तारीख आहे पण शेजारचा आकडाच लिहिलेला नाही, ही रेघ तुटण्याची वेगळी तऱ्हा. तिथे अक्षाचा प्रकार बदलून उपयोग नाही. आलेखावर राइट-क्लिक करून `Select Data`, तिथले `Hidden and Empty Cells`, आणि त्यात `Connect data points with line` निवडले की आधीचा व नंतरचा बिंदू जोडला जातो. तिथेच `Zero` हाही पर्याय असतो. विहिरीच्या नोंदीत तो निवडला तर मोजणी चुकलेल्या शुक्रवारी पाणी थेट काठाला लागलेले दिसेल.

तारखेच्या अक्षाला जे जमत नाही

तारखेच्या अक्षाचे सर्वांत लहान एकक दिवस आहे. सकाळी, दुपारी आणि रात्री मोजलेला रक्तदाब तारीख-वेळेसह लिहिला तरी तिन्ही नोंदी त्या दिवसाच्या एकाच उभ्या रेघेवर पडतात, कारण वेळ दाखवणारा अपूर्णांक हा अक्ष धरत नाही. अशा नोंदींसाठी `Scatter` हा प्रकार घ्यावा. त्यात आडव्या अक्षावर निव्वळ आकडे असतात, म्हणून तासही जागेवर बसतात. त्याची अडचण अशी, की त्याला महिने कळत नाहीत. खुणा सारख्या दिवसांच्या अंतराने पडतात, मग महिना तीस दिवसांचा असो वा एकतीस.

1900 च्या आधीची तारीख तर एक्सेलला तारीख म्हणून ठाऊकच नाही. पेशवाईतल्या किंवा 1857 च्या घटनांचा कालपट करायचा असेल तर त्या तारखा मजकूरच राहतात. तिथे वर्षाचा आकडा वेगळ्या कॉलममध्ये लिहून `Scatter` काढणे हाच सरळ मार्ग.

बाकी रोजच्या कामात अक्षाचा प्रकार एक्सेलवर सोपवण्यापेक्षा स्वतः ठरवावा. नोंद नसलेल्या दिवशीही ती गोष्ट घडतच होती का, एवढे स्वतःला विचारावे. विहिरीचे पाणी, बाळाचे वजन, कर्जाची बाकी यांचे उत्तर ‘हो’ असते, तिथे `Date axis` घ्यावा आणि मोकळी जागा तशीच ठेवावी. बाजाराची उलाढाल, शाळेची हजेरी, दुकानाची विक्री यांचे उत्तर ‘नाही’ असते, तिथे `Text axis` घ्यावा आणि सुट्टीचे दिवस गाळले आहेत, हे आलेखाखाली एका ओळीत लिहावे. ती ओळ नसेल, तर सलग दिसणारे स्तंभ पाहणारा माणूस सलग दिवस समजूनच चढ-उताराचा वेग काढील.